भावाचे आकडे चित्रासोबत गेले, तर मिश्रणाचे गणित कसे सोडवायचे

पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषदेच्या सराव प्रश्नसंचांत मिश्रणाचे एक गणित बहुतेक वेळा असतेच. तोच संच पीडीएफमधून कॉपी होऊन मोबाईलवर फिरू लागला की त्यातले चित्र गळते. प्रश्नाचे वाक्य शिल्लक राहते, पण भाव लिहिलेली जागा कोरी दिसते. "___ रुपये किलोची तूरडाळ आणि १५० रुपये किलोची तूरडाळ कोणत्या प्रमाणात मिसळावी" असे वाचून विद्यार्थी एक तर प्रश्न सोडून देतात, नाही तर मनाला येईल तो आकडा भरून पुढे जातात. कोऱ्या जागेतला आकडा काही वेळा पक्का काढता येतो. काही वेळा त्याचा फक्त सबळ अंदाज बांधता येतो, आणि काही वेळा तो काढणे शक्यच नसते. आपले गणित यांपैकी कशात मोडते, हे आकडेमोडीच्या आधी ठरवायचे.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. लातूरच्या मोंढ्यात शोभेल असा हा सराव प्रश्न आहे:

"___ रुपये किलोची तूरडाळ आणि १५० रुपये किलोची तूरडाळ कोणत्या प्रमाणात मिसळावी, म्हणजे मिश्रण १३२ रुपये किलोने विकल्यास शेकडा १० नफा होईल? पर्याय: (अ) २ : ३ (ब) ९ : १६ (क) ३ : २ (ड) ५ : ३"

## टप्पा १ : आधी मूळ प्रश्न शोधा

आकडा शोधून काढण्यापेक्षा तो मूळ जागी वाचणे केव्हाही चांगले. प्रश्नाखाली परीक्षेचे नाव आणि वर्ष दिले असेल, तर त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका भरती घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहा. एमपीएससी प्रश्नपत्रिकेसोबत आधी पहिली आणि हरकतींनंतर अंतिम उत्तरतालिका देते. तुमच्याकडे पहिलीच असेल तर अंतिमशी ताडून घ्या, कारण मधल्या काळात एखाद्या प्रश्नाचे उत्तर बदललेले असू शकते.

मूळ पीडीएफ हाती असेल, तर कॉपी केलेल्या मजकुरावर विसंबू नका. पान उघडून डोळ्यांनी वाचा. कॉपी करताना चित्र गळते, पण पानावर ते असते. आकड्याचे चित्र करण्यामागे अनेकदा अपूर्णांक हे कारण असते, कारण ६२½ सारखी संख्या टाइप करणे किचकट जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, सहाव्या टप्प्यात तिचे काम पडणार आहे.

तपासा: फक्त आकडा गेला आहे की त्याच्यासोबत "प्रति किलो", "प्रति क्विंटल" हे शब्दही गेले आहेत? १५० रुपये किलो म्हणजेच १५,००० रुपये क्विंटल. एक भाव क्विंटलचा आणि दुसरा किलोचा राहिला असेल, तर आधी दोन्ही किलोवर आणा.

## टप्पा २ : पाच खणांची पट्टी आखा

वहीत एका ओळीत पाच खण काढा: स्वस्त भाव, महाग भाव, मिश्रणाचा खरेदी भाव, नफा, प्रमाण. प्रश्नात जे शब्दशः दिले आहे तेवढेच खणांत भरा. जे गेले तिथे फुली मारा, आणि जे विचारले आहे तिथे प्रश्नचिन्ह घाला.

आपल्या उदाहरणात नफा शेकडा १० आहे. मिश्रणाचा भाव १३२ दिला आहे, पण तो विक्रीचा आहे, म्हणून खरेदीच्या खणात तो अजून बसत नाही. प्रमाण विचारले आहे. एक भाव १५० आहे आणि दुसरा गेला आहे.

इथेच पहिली चूक होते. कोरी जागा वाक्यात आधी आली म्हणून गेलेला भाव स्वस्त असणार, असे गृहीत धरले जाते. प्रश्न काढणाऱ्याने महाग माल आधी लिहिलेलाही असू शकतो. म्हणून १५० कोणत्या खणात जातो हे आत्ता ठरवू नका. ते पुढच्या टप्प्यात आपोआप ठरते.

## टप्पा ३ : विक्रीचा भाव खरेदीवर आणा

दोन डाळींचे भाव खरेदीचे आहेत, म्हणून त्यांच्याशी तुलना करायचा मिश्रणाचा भावही खरेदीचाच हवा. शेकडा १० नफा म्हणजे १०० ची वस्तू ११० ला विकली. म्हणून खरेदी भाव = १३२ × १०० ÷ ११० = १२० रुपये.

सावध: १३२ मधून त्याचेच १० टक्के वजा करू नका. तसे केले तर ११८.८० येतात आणि पुढचे सगळे गणित तिरके जाते. नफा खरेदीवर मोजतात, विक्रीवर नाही. ११० ने भागल्यावर पूर्ण १२० येणे ही पद्धत बरोबर असल्याची चांगली खूण आहे, कारण गणित रचणाऱ्याने बहुधा १२० धरूनच त्यावरून १३२ केलेले असतात.

आता १५० कडे वळा. मिश्रणाचा भाव कायम दोन भावांच्या मध्ये पडतो. १५० हा १२० पेक्षा जास्त आहे, म्हणून तो महाग माल, आणि गेलेला भाव १२० पेक्षा कमी असलाच पाहिजे. आकडा अजून माहीत नाही, पण त्याची बाजू पक्की झाली. कोणी कोऱ्या जागी १३० भरून प्रश्न सोडवला असेल, तर तो इथेच बाद होतो: १३० आणि १५० च्या डाळी कशाही मिसळल्या तरी मिश्रण १२० ला पडणार नाही.

## टप्पा ४ : सूत्राऐवजी फरकांचा हिशोब मांडा

अलिगेशनची तिरपी फुली सगळ्यांना पाठ असते: वर दोन भाव, मध्ये मिश्रणाचा भाव, आणि तिरप्या वजाबाक्या. सगळे आकडे असतील तोवर ती उत्तम चालते. आकडा गेला की गडबड होते, कारण कोणती वजाबाकी कोणाखाली लिहायची हे पाठांतरावर असते, समजुतीवर नसते. म्हणून फुलीच्या मागचा हिशोबच लिहा:

स्वस्त मालाचे किलो × खालचा फरक = महाग मालाचे किलो × वरचा फरक

खालचा फरक म्हणजे मिश्रणाचा भाव उणे स्वस्त भाव. वरचा फरक म्हणजे महाग भाव उणे मिश्रणाचा भाव. अर्थ सरळ आहे. १२० च्या मिश्रणात स्वस्त डाळीचा प्रत्येक किलो काही रुपयांनी कमी पडतो आणि महाग डाळीचा प्रत्येक किलो ३० रुपयांनी जास्त जातो. एकूण कमी आणि एकूण जास्त सारखे झाले की मिश्रण बरोबर १२० ला पडते.

या एका ओळीत चार गोष्टी आहेत: दोन्ही मालांचे प्रमाण (दोन किलोंची मिळून एकच गोष्ट, कारण हिशोबाला फक्त त्यांचे गुणोत्तर लागते), स्वस्त भाव, महाग भाव आणि मिश्रणाचा भाव. यांपैकी तीन माहीत असतील तर चौथी पक्की निघते. दोनच माहीत असतील तर ती निघत नाही. पुढे काय करायचे ते याच मोजणीवर ठरते.

आपल्याकडे महाग भाव १५० आणि मिश्रणाचा भाव १२० आहे. स्वस्त भाव गेला आहे आणि प्रमाण विचारले आहे. म्हणजे दोन माहीत, दोन नाहीत. प्रश्नाच्या नुसत्या वाक्यावरून हे गणित सुटत नाही, हे मान्य करून पुढे जायचे. आणखी एक धागा हवा, आणि तो एक तर उत्तरतालिकेत असेल, नाही तर पर्यायांत.

## टप्पा ५ : उत्तर माहीत असेल तर उलटे जा

उत्तरतालिकेत (क) ३ : २ दिले आहे असे समजा. आता तीन गोष्टी हाताशी आल्या. स्वस्त डाळ ३ किलो, महाग डाळ २ किलो. महाग बाजूचे जास्तीचे रुपये २ × ३० = ६०. स्वस्त बाजूनेही ६० च कमी पडायला हवेत, म्हणून प्रत्येक किलोमागे ६० ÷ ३ = २०. स्वस्त भाव १२० − २० = १०० रुपये.

यात अंदाज कुठेच नाही. उत्तरतालिका बरोबर असेल तर कोऱ्या जागेत १०० च होते.

सगळ्यात जास्त चुका प्रमाणाच्या क्रमात होतात. "३ : २" हे प्रश्नातल्या क्रमाने असते: आधी उल्लेख झालेला माल आधी. ते "स्वस्त : महाग" असेलच असे नाही. आपल्या प्रश्नात कोरी जागा आधी आहे आणि ती स्वस्त ठरली, म्हणून ३ किलो स्वस्त मालाचे. प्रश्नात "१५० रुपये किलोची डाळ आणि ___ रुपये किलोची डाळ" असा क्रम असता, तर ३ किलो महाग मालाचे झाले असते. मग जास्तीचे रुपये ९०, ते स्वस्त २ किलोंवर वाटले की ४५, आणि गेलेला भाव ७५. वाक्यातला क्रम उलटला आणि १०० चे ७५ झाले. म्हणून ३ आणि २ च्या खाली मालाचे नाव लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

तपासा: फरकांचे गुणोत्तर किलोंच्या प्रमाणाच्या उलट आले पाहिजे. किलो ३ : २, फरक २० : ३०, म्हणजे २ : ३. दोन्ही सारखे आले तर कुठेतरी माल उलटा धरला आहे.

## टप्पा ६ : उत्तर माहीत नाही, पण पर्याय आहेत

इथे घाई सोडा. चारही पर्याय एकेक करून खरे धरा, आणि प्रत्येकाने गेलेला भाव किती येतो ते काढा. वरचा फरक सगळीकडे ३० च आहे. बदलते फक्त प्रमाण.

| पर्याय (स्वस्त : महाग) | खालचा फरक | गेलेला भाव |
|---|---|---|
| (अ) २ : ३ | ३ × ३० ÷ २ = ४५ | ७५ |
| (ब) ९ : १६ | १६ × ३० ÷ ९ = ५३⅓ | ६६⅔ |
| (क) ३ : २ | २ × ३० ÷ ३ = २० | १०० |
| (ड) ५ : ३ | ३ × ३० ÷ ५ = १८ | १०२ |

अनेक जण इथे "पूर्ण संख्या येते ते उत्तर" असे म्हणून मोकळे होतात. इथे तर तीन पूर्ण संख्या आहेत, म्हणजे ती कसोटी पुरत नाही. ती उलटही फसवते: आकडा चित्रात होता, आणि चित्र अपूर्णांकासाठी केलेले असू शकते. म्हणून ६६⅔ ला केवळ अपूर्णांक आहे म्हणून कापून टाकू नका. ही कसोटी शेवटी वापरा, तीही हलक्या हाताने.

त्यापेक्षा जास्त वजनाची कसोटी चुकीच्या पर्यायांत आहे. नीट रचलेल्या प्रश्नात चुकीचे पर्याय सहसा उगाच टाकलेले नसतात. विद्यार्थी जिथे घसरतात, तिथे त्यांना मिळणारी उत्तरे पर्यायांत ठेवलेली असतात. मिश्रणाच्या गणितात अशा दोन घसरगुंड्या ठरलेल्या आहेत. एक, प्रमाण उलटे लिहिणे. दुसरी, नफा विसरून विक्रीचा भावच मिश्रणाचा खरेदी भाव म्हणून धरणे. म्हणून वर आलेल्या प्रत्येक भावासाठी या दोन्ही चुका मुद्दाम करून बघा आणि त्यांची उत्तरे पर्यायांत आहेत का ते शोधा.

आधी १०० घ्या. बरोबर उत्तर ३ : २. उलटे लिहिले तर २ : ३, आणि तो पर्याय (अ) आहे. नफा विसरला तर वरचा फरक १५० − १३२ = १८, खालचा १३२ − १०० = ३२, म्हणून प्रमाण १८ : ३२, म्हणजे ९ : १६. हा पर्याय (ब). दोन्ही चुकांना पर्यायांत जागा मिळाली.

आता ७५. बरोबर उत्तर २ : ३, उलटे ३ : २. तोही पर्यायांत आहे, (क). पण नफा विसरला तर १८ : ५७, म्हणजे ६ : १९, आणि असा पर्याय नाही.

१०२ साठी उत्तर ५ : ३. उलटे ३ : ५, ते नाही. नफा विसरला तर १८ : ३०, तेही ३ : ५ च, म्हणजे नाही. ६६⅔ साठी उलटे १६ : ९, ते नाही, आणि नफा विसरल्यावर येणारे २७ : ९८ देखील नाही.

म्हणून १०० हा भाव आणि (क) हे उत्तर यांच्या बाजूने पुरावा सबळ आहे. (ब) ९ : १६ हा विचित्र दिसणारा पर्याय इथे कळीचा ठरला. असा आडवातिडवा पर्याय दिसला की तो कोणत्या चुकीतून आला असेल, हा प्रश्न आधी विचारायचा.

सावध: हा अंदाज आहे, सिद्धता नव्हे. प्रमाण आणि त्याचे उलटे हे दोन्ही पर्यायांत असतात तेव्हा, ती जोडी एकटी काहीच सांगत नाही. १०० आणि ७५ या दोन्हींना उलटा पर्याय मिळालाच होता. निकाल लागला तो नफ्याच्या चुकीमुळे. प्रश्नात नफा नसता आणि मिश्रणाचा खरेदी भाव थेट १२० दिला असता, तर (अ) आणि (क) मध्ये निवड करायला आधार उरला नसता. अशा वेळी दोन्ही भाव वहीत लिहा आणि प्रश्न उघडा ठेवा. वाटेल ते एक निवडून "सुटला" अशी खूण करू नका.

### विक्रीचा भाव गेला असेल तर

हाच प्रश्न वेगळ्या जागी फाटला असे समजा. १०० आणि १५० दोन्ही दिसतात, नफा शेकडा १० दिसतो, पण "मिश्रण ___ रुपये किलोने विकल्यास" एवढाच भाग कोरा आहे. पर्याय तेच. आता प्रत्येक पर्यायाने मिश्रणाचा भाव काय पडतो ते काढा. २ : ३ घेतले तर २०० अधिक ४५० भागिले ५, म्हणजे १३०. ९ : १६ घेतले तर १३२. ३ : २ घेतले तर १२०. ५ : ३ घेतले तर ११८.७५.

या चारांत अशी जोडी शोधा, जिच्यातला मोठा भाव लहान भावापेक्षा बरोबर शेकडा १० ने जास्त आहे. १२० आणि १३२. दुसरी एकही जोडी तशी नाही. याचा अर्थ लावता येतो: लहान भाव खरेदीचा, म्हणजे त्याचा पर्याय बरोबर, आणि मोठा भाव विक्रीचा, म्हणजे त्याचा पर्याय नफा विसरणाऱ्यासाठी. कोऱ्या जागेत १३२ होते, उत्तर ३ : २. इथेही पुरावा पर्यायांच्या रचनेचा आहे, पण जोडी एकमेव असली की तो बराच भरवशाचा ठरतो.

या प्रकारात एक चूक नेहमी होते. भाव माहीत नाही म्हणून १०० आणि १५० ची सरासरी १२५ धरली जाते. ती फक्त दोन्ही माल सारख्या वजनाने घेतले तरच खरी, आणि इथे तर वजनच विचारले आहे.

## टप्पा ७ : दोन्ही भाव गेले असतील तर

मिश्रणाचा भाव १२० आणि प्रमाण ३ : २ दिसते, डाळींचे दोन्ही भाव कोरे आहेत. फरकांच्या हिशोबातून एवढेच कळते की खालचा फरक आणि वरचा फरक २ : ३ आहेत. १०० आणि १५० बसतात. ११० आणि १३५ बसतात. ९० आणि १६५ देखील बसतात. अशा जोड्या संपतच नाहीत. भाव विचारले असतील तर हे गणित इथे थांबते, आणि मूळ प्रश्न मिळेपर्यंत थांबायचेच.

पण पान उलटण्याआधी प्रश्नाचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. पुढच्या तीन प्रकारांत सगळे भाव गेले तरी उत्तर निघते.

पहिला प्रकार सोपा आहे: प्रमाण दिलेले असते आणि फक्त वजन विचारलेले असते. "३ : २ प्रमाणात मिसळून ५० किलो मिश्रण केले, तर दुसऱ्या प्रतीची डाळ किती?" याला भाव लागतच नाहीत. २० किलो. कोरी जागा दिसली म्हणून असा प्रश्न सोडू नका.

दुसऱ्या प्रकारात भावांची एकमेकांशी तुलना शब्दांत शिल्लक असते. "दुसऱ्या प्रतीचा भाव पहिल्याच्या दीडपट आहे आणि मिश्रण पहिल्यापेक्षा शेकडा २० ने महाग पडते." पहिला भाव १०० धरा. दुसरा १५०, मिश्रण १२०, प्रमाण ३ : २. पहिला भाव खरोखर ८० असता तर १२० आणि ९६ आले असते, फरक १६ आणि २४, प्रमाण तेच. सगळे भाव एकाच पटीने वाढले-घटले तर प्रमाण बदलत नाही, म्हणून १०० धरायची मुभा आहे. मात्र तुलना रुपयांत असेल, उदाहरणार्थ "पहिल्यापेक्षा ५० रुपयांनी महाग आणि मिश्रणापेक्षा ३० रुपयांनी महाग", तर पट वापरू नका. तिथे फरक थेट मिळतात: वरचा ३०, खालचा ५० − ३० = २०. पुन्हा ३ : २.

तिसरा प्रकार दूध-पाण्याचा, आणि त्याला थोडी जास्त जागा द्यायला हवी. "गवळी ___ रुपये लिटरने दूध घेतो, त्यात पाणी घालून खरेदीच्याच भावाने विकतो आणि शेकडा २५ नफा कमावतो. दूध आणि पाण्याचे प्रमाण काय?" दुधाचा भाव चित्रात गेला, तरी काही अडत नाही. पाणी फुकट, म्हणून त्याचा भाव शून्य. दुधाचा भाव १०० धरा. विक्रीही १०० ने, नफा शेकडा २५, म्हणून मिश्रणाचा खरेदी भाव १०० × १०० ÷ १२५ = ८०. पाण्याचा फरक ८०, दुधाचा फरक २०. पाणी × ८० = दूध × २०, म्हणून दूध ४ आणि पाणी १.

इथली नेहमीची चूक म्हणजे "२५ टक्के नफा, म्हणजे मिश्रणात २५ टक्के पाणी" असे समजून ३ : १ लिहिणे. पाणी दुधाच्या २५ टक्के असते, मिश्रणाच्या नाही. १०० लिटर दुधात २५ लिटर पाणी, एकूण १२५, आणि त्यात पाणी शेकडा २०. प्रश्नात "मिश्रणात पाणी शेकडा किती" विचारले असेल तर २०, "दुधात किती पाणी घातले" विचारले असेल तर शेकडा २५. वाक्यात नेमके कोणाच्या तुलनेत विचारले आहे, ते बोट ठेवून वाचा.

सावध: "खरेदीच्याच भावाने विकतो" हे शब्द असतील तरच वरची रीत अशी सरळ चालते. विक्रीचा भाव रुपयांत वेगळा दिला असेल आणि खरेदीचा गेला असेल, तर दुधाचा भाव १०० धरता येत नाही, कारण दोन भावांचे नाते माहीत नाही.

## टप्पा ८ : पैशांनी पडताळा घ्या

काढलेला भाव पुन्हा त्याच फरकांच्या हिशोबात घालून तपासू नका. तिथे माल उलटा धरला असेल तर तीच चूक दुसऱ्यांदा बरोबर दिसेल. मोंढ्यातल्या पावतीसारखा थेट पैशांचा हिशोब करा. ३ किलो १०० ने, ३०० रुपये. २ किलो १५० ने, ३०० रुपये. ५ किलोंची खरेदी ६००, म्हणजे किलोला १२०. ५ किलो १३२ ने विकले, ६६० आले. नफा ६०, आणि तो ६०० वर बरोबर शेकडा १०.

विक्री आणि नफा हे आकडे प्रश्नात शब्दशः दिलेले होते. ते हिशोबातून परत बाहेर आले म्हणजे काढलेला भाव त्या प्रमाणाशी जुळतो. मात्र सहाव्या टप्प्यातले ७५ आणि २ : ३ सुद्धा हा पडताळा पार करतात: १५० अधिक ४५० म्हणजे ६००, तेच ५ किलो, तोच नफा. चारही पर्याय आपापल्या भावासह पास होतील, कारण भाव काढताना हाच हिशोब वापरला होता. पडताळा आकडेमोडीतली चूक पकडतो. कोणता पर्याय खरा, हे तो सांगू शकत नाही.

## टप्पा ९ : वहीत कसे लिहायचे

भरलेला आकडा मूळ आकड्यांसारखा निळ्या पेनने लिहू नका. चौकोनी कंसात पेन्सिलने लिहा आणि शेजारी तो कशावरून आला ते दोन शब्दांत नोंदवा: "उत्तरतालिकेवरून", "पर्यायांवरून" किंवा "१०० धरून". अभ्यासिकेत ती वही दुसऱ्याच्या हातात गेली की पर्यायांवरून बांधलेला अंदाज मूळ प्रश्न म्हणून उतरवला जातो, आणि पुढच्याने उत्तरतालिका पाहून "उत्तर चुकले" म्हणून डोके धरायची वेळ येते. "१०० धरून" लिहिलेल्या प्रश्नांत तर हे फार जपा, कारण तिथला १०० हा भाव नाही, फक्त मोजायला घेतलेले माप आहे.

मूळ प्रश्नपत्रिका सापडली की कंसातला आकडा तिच्याशी ताडा. जुळला नाही, तर आधी प्रमाणाचा क्रम आणि नंतर किलो-क्विंटल पाहा. बहुतेक फरक या दोन जागीच निघतो.